फाटकापाशी फुल रेंज

अन्नपूर्णा रेसिडेन्सीच्या वार्षिक सभेला चंद्रकला तेवढी एक गैरहजर होती, म्हणून ती एकमताने सचिव झाली. सभा चालू होती तेव्हा ती डॉ. राखी मॅडमच्या प्रसूतिगृहात टेबलाशी उभी राहून चिमटे मोजत होती. संध्याकाळी घरी आली तर दारात अध्यक्ष पुंडलिकराव पेढा घेऊन उभे. पेढा तोंडात गेल्यावर त्यांनी बातमी सांगितली.

पुंडलिकराव निवृत्त मुख्याध्यापक. सोसायटीत अठरा सदनिका, तीन मजले, खाली पार्किंग, आणि या सगळ्यावर त्यांची एक नजर. इमारत तुमसरच्या बाहेरच्या बाजूला. मोबाईलचा टॉवर ज्या दिशेला, नेमकी त्याच दिशेला एका राईस मिलची टिनाची उंच शेड. बिल्डरने भिंती मजबूत बांधल्या होत्या, हे त्याचं एकमेव पाळलेलं वचन. शेडमधून आणि भिंतींमधून जी काय रेंज आत यायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, गॅसच्या नळीपाशी, मान वाकडी केली तर.

तीन वर्षं सगळ्यांनी हे सोसलं होतं. फोन आला की लोक जिन्याने खाली धावत, फाटकापाशी उभे राहत आणि घरच्या गोष्टी रस्त्याला ऐकवत. कोणाची सून माहेरी गेली आणि काहून गेली, हे सगळ्या सोसायटीला फाटकामुळेच कळायचं.

चंद्रकलाची गोष्ट मात्र वेगळी होती. ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर. दवाखान्यातून फोन आला की वीस मिनिटांत पोचायचं, हीच तिची नोकरी. गेल्या दोन महिन्यांत दोनदा फोन लागला नव्हता. दोन्ही वेळेस बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले, कारण मॅडमने दुसरी सिस्टर शोधली. दुसऱ्या वेळेनंतर मॅडमने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"चंद्रकला, तुझ्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण तू कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर असतेस. पेशंटला मी काय सांगू?"

"मॅडम, बिल्डिंगमध्येच नेटवर्क नाही."

"तेच म्हणते. या महिन्याअखेरपर्यंत काय ते बघ. नाही झालं तर दवाखान्याच्या मागची खोली आहे, तिथे येऊन राहा. तेही नको असेल तर मला ओटीला दुसरी सिस्टर घ्यावी लागेल."

मागची खोली चंद्रकलाला चांगली माहीत होती. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून ती तिथे एकोणीस वर्षं राहिली होती. खिडकी उघडली की ऑक्सिजनची सिलिंडरं. तिथून निघायचं म्हणून तर हा फ्लॅट घेतला होता.

घरच्या वायफायवरून फोन घ्यायची युक्ती तिची मुलगी टीना हिने आधीच करून दिली होती. ती नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी लाईट गेली आणि वायफायही गेलं. घरचं राऊटर इन्व्हर्टरवर टाकून उपयोग नव्हता, कारण सगळ्या इमारतीला जोडणारा केबलवाल्याचा डबा जिन्यात होता, आणि जिन्यात इन्व्हर्टर बसवायला पहिल्या मजल्यावरचे धान्याचे व्यापारी मारोतराव यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, जिन्यात बॅटरी ठेवली तर स्फोट होते.

तेव्हा उरली तक्रार. चंद्रकलाने कंपनीच्या १९८ या नंबरावर फोन केला, अर्थात फाटकापाशी उभं राहून. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की सोसायटीच्या नावाने तक्रार होत नाही, ज्या नंबराला त्रास आहे त्या नंबरावरून ज्याने त्याने करावी. जितके जास्त ग्राहक तक्रार करतील तितकं प्रकरण लवकर पुढे सरकेल. ॲपवरूनही करता येईल.

चंद्रकलाने चार ओळींची सूचना लिहून पुंडलिकरावांकडे सहीला दिली. दुसऱ्या दिवशी फलकावर जी लागली ती अशी:

'सर्व सन्माननीय सदनिकाधारकांस कळविण्यात येते की, आपल्या इमारतीच्या आत मोबाईल नेटवर्क अत्यंत क्षीण असल्याची बाब अध्यक्षांच्या निदर्शनास आली आहे. सबब संबंधित कंपनीकडे सर्वांनी मिळून तक्रार नोंदविण्याचे योजिले आहे. तक्रार ज्याच्या त्याच्या नंबरवरून नोंदवावयाची असल्याने प्रत्येकाने आपला मोबाईल पूर्ण चार्ज करून येत्या रविवारी सकाळी ठीक दहा वाजता फाटकाजवळ उपस्थित राहावे. रेंज तेथेच येते. एकी दाखविण्याची हीच वेळ आहे. पोहे व चहाची व्यवस्था केली आहे.'

"सर, मी तर पोहे लिहिले नव्हते," चंद्रकला म्हणाली.

"सिस्टर, पोह्याशिवाय एकी होत नाही. सदतीस वर्षं शाळा चालवली मी."

रविवारी दहाला फाटकापाशी खुर्च्या मांडल्या होत्या. मागे बॅनर होता, त्यावर 'नेटवर्क हक्क मेळावा' असं लिहून खाली पुंडलिकरावांचा फोटो. तुलाराम वॉचमनने नारळ आणला होता. तो कशावर फोडायचा यावर थोडी चर्चा झाली आणि शेवटी फाटकाच्या खांबावर फोडला. मग टीना खुर्चीवर चढली आणि तिने सगळ्यांना ॲप उघडायला लावलं.

"आता 'नेटवर्कची तक्रार' दाबा. दाबलं? मग 'घराच्या आत' निवडा. मग लोकेशन येईल."

"पत्ता लिहायचा का बाई?" मारोतरावांनी विचारलं. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि फोन हातभर लांब.

"लिहायची गरज नाही आजोबा. खाली 'सध्याचं लोकेशन' आहे ना, ते दाबलं की आपोआप येते."

"आपोआप येते म्हणते," मारोतरावांनी शेजारच्याला सांगितलं आणि दाबलं. सगळ्यांनीच दाबलं. जो तो मन लावून दाबत होता. टपाटप मेसेज येऊ लागले, प्रत्येकाला तक्रारीचा एक लांबलचक क्रमांक मिळाला. तीन वर्षांत पहिल्यांदा कंपनीने आपली दखल घेतली म्हणून काहींनी त्या मेसेजचा फोटो काढून ठेवला.

अठरांपैकी सतरा घरांची तक्रार गेली. राहिले ते पुंडलिकराव. त्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं निघालं.

"माहं नाही झालं तरी चालते," ते म्हणाले. "मी तर मार्गदर्शक आहो."

त्यांनी सगळ्यांना उभं करून फोटो काढवून घेतला. फोटोत प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि प्रत्येक मोबाईलवर रेंज अशी भरलेली की मोजायला जागा नाही.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात ड्रेसिंगची ट्रे लावताना चंद्रकलाचा फोन वाजला. मेसेज होता: 'आपली तक्रार सोडविण्यात आली आहे. आपण नोंदविलेल्या ठिकाणी नेटवर्क समाधानकारक आहे. आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय कळवा.' पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज सोळा जणांनी टाकला. काहींनी खाली टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं काम झालं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी फोन पाहिले आणि टाळ्या काढून घेतल्या.

चंद्रकलाने दुपारच्या सुट्टीत १९८ ला फोन लावला.

"मॅडम, आमच्या टीमने जागेवर जाऊन तपासणी केली आहे," पलीकडचा मुलगा म्हणाला. "सिग्नल उत्तम आहे."

"कोणत्या जागेवर?"

"आपण दिलेल्या लोकेशनवर. सतरा तक्रारी आहेत मॅडम, आणि सतराही एकाच पॉइंटवरच्या. रस्त्याला लागून एक लोखंडी गेट दिसतं."

चंद्रकला सलाईनच्या खोक्यावर बसली.

"दादा," ती म्हणाली, "त्या गेटमध्ये कोणी राहत नाही."

"पण मॅडम, तक्रार तिथलीच आहे."

"आम्हाले घरात रेंज नाही म्हणून गेटपाशी येऊन तक्रार केली. घरात रेंज असती तर घरातून केली असती. घरात रेंज असती तर केलीच कायले असती?"

मुलाला हे पटलं, असं त्याच्या श्वासावरून वाटलं. पण त्याच्यासमोरच्या यादीत पटण्यासाठी बटण नव्हतं. तक्रार बंद झाली आहे, तीस दिवसांच्या आत अपील करता येईल, अपिलाला पैसे लागत नाहीत, जुना तक्रार क्रमांक जपून ठेवा, एवढं त्याने सांगितलं आणि आणखी काही मदत हवी का म्हणून विचारलं.

संध्याकाळी तिने फलकापाशी पुंडलिकरावांना गाठलं.

"सर, सगळ्यांचं लोकेशन फाटकाचं गेलं."

"मग? फाटक आपल्या सोसायटीचंच आहे ना?"

"रेंज तिथे आहे जी. म्हणून तक्रार बंद केली त्यायनं."

पुंडलिकराव विचारात पडले. "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या कंपनी बरोबर आहे," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पेपर तपासताना यायचं ते समाधान आलं. चंद्रकलाने मनात दहापर्यंत आकडे मोजले. ओटीत ती असेच मोजायची, पण तिथे मोजायला बोळे असत.

अपील तिने स्वतः लिहिलं. सदनिका क्रमांक, मजला, कोणत्या खोलीत काय होतं, किती वाजता फोन लागला नाही, सगळं. मग सतरा घरांच्या पायऱ्या चढून-उतरून प्रत्येकाकडून त्याच्या तक्रार क्रमांकाचं अपील करवून घेतलं. लोकेशन कोणालाच दाबू दिलं नाही, पत्ता टाईप करायला लावला. मारोतरावांकडे एक तास गेला. तक्रार क्रमांकाचा मेसेज त्यांनी डिलीट केला होता, कारण त्यात 'सोडविण्यात आली' असं लिहिलं होतं आणि खोटं बोलणाऱ्याचा मेसेज ते घरात ठेवत नसत.

यात महिना संपला. एक तारखेला तिचा नवरा वीरेंद्र याने स्कूटरवर गादी बांधली आणि तिला दवाखान्याच्या मागच्या खोलीत सोडून आला. तो मिलमध्ये फोरमन, दिवसभर मशीनच्या आवाजात राहणारा माणूस, फार बोलत नाही. खोलीत गादी टाकून त्याने खिडकी उघडली, सिलिंडरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "रंग तरी मारला यायनं."

"तो आपणच मारला होता," चंद्रकला म्हणाली. "टीना झाली त्या वर्षी."

खोलीत रेंज इतकी उत्तम की तिथे फोन ठेवायलाही जीव घाबरायचा. कर्ज देणाऱ्यांचे, बक्षीस लागल्याचे, सगळे फोन तिला यायचे. सोसायटीचेही यायचे. मोटार बंद आहे, जिन्यातला दिवा गेला, वरच्यांनी कपडे ओले टांगले. आधी सचिव सापडत नाही म्हणून लोक गप्प राहत, आता सापडू लागली. घरी मात्र फोन लागत नसे. टीनाचं बारावीचं वर्ष होतं, म्हणून वीरेंद्रने घरचं वायफाय बंद करून टाकलं होतं. रोज संध्याकाळी सातला ती फाटकापाशी यायची आणि दोघी पाच मिनिटं बोलायच्या.

"काय केलं जेवाले?"

"बाबानं भात केला. आई, इथे मच्छर चावून राहिले, ठेवू?"

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. मनिष नाव, भंडाऱ्याचा, तिशीतला, पाठीवर बॅग. चंद्रकला दोन तासांची सुट्टी काढून आली आणि त्याला फाटकापाशी उभंच राहू दिलं नाही. सरळ तिसऱ्या मजल्यावर आपल्या घरात नेलं. त्याने हॉलमध्ये, बेडरूममध्ये, बाथरूमच्या दारात मोबाईल धरून आकडे टिपले. मग खाली मारोतरावांकडे, मग मधल्या मजल्यावर.

"ताई, आत खरंच काही नाही," तो म्हणाला.

"हे लिहून द्या."

"लिहितोच आहो. पण नवा टॉवर काही इथे बसणार नाही. तुमच्यासारख्या बिल्डिंगला दुसरा उपाय असतो. छतावर एक अँटेना आणि एक डबा, टॉवरची रेंज पकडतो. तिथून केबल जिन्याने खाली, आणि दर मजल्याच्या मधात छताला एक छोटा अँटेना. ताटलीएवढा. कंपनीच लावून देते. फक्त सोसायटीचं ना-हरकत पत्र पाहिजे आणि डब्याले लाईट."

"बस एवढंच?"

"एवढंच. बाजारातून बूस्टर आणून लावू नका फक्त, ते बेकायदेशीर आहे."

चंद्रकलाच्या डोळ्यांसमोर आपलं स्वयंपाकघर आलं. मग तिला आठवलं की ना-हरकत पत्र सोसायटीच्या सभेत मंजूर व्हावं लागतं.

त्याच आठवड्याच्या शेवटी सभा पार्किंगमध्ये भरली. ज्या सतरा घरांनी नेटवर्क नाही म्हणून तक्रार केली होती, ती सगळी हजर होती. मनिष पुन्हा आला होता, त्याने मोबाईलवर चित्र दाखवलं. पांढरी, गोल, ताटलीएवढी वस्तू. सगळ्यांनी ती वाकून पाहिली.

"हे जिन्यात म्हणजे कोणाच्या दारासमोर?" कोणीतरी विचारलं.

"मधात. सगळ्यांले सारखं."

"मधात म्हणजे आमच्याच दारापुढे," पहिल्या मजल्यावरच्या शकुंतलाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे नातू आहे लहान."

मारोतराव उठले. "मी काय म्हणतो, नेटवर्क पाहिजे. माहा विरोध नाही. पण रेडिएशन नको. असं मशीन लावा ज्याच्यातून नुसतं नेटवर्क येते."

मनिषने समजावलं. हा अँटेना फार कमी ताकदीचा असतो. उलट रेंज नसली की खिशातला मोबाईल टॉवरला शोधायला जास्त जोर लावतो, म्हणजे आता जे चाललं आहे तेच वाईट. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मोबाईल होता त्याच खिशात राहू दिला.

"वरच्या मजल्यावर तीन लावा," कोणी सुचवलं. "रेंज खाली उतरते."

"पाणी नाही ते जी," मनिष म्हणाला.

पुंडलिकरावांनी टेबलावर पेन आपटला. "यावर उपसमिती नेमावी असं मला वाटतं. समितीने अभ्यास करून सहा महिन्यांत..."

"सर," चंद्रकला उभी राहिली. आवाज तिने वाढवला नाही. ओटीत आवाज वाढवून चालत नाही, ती सवय. "पंधरा दिवस झाले मी माह्या घरात नाही राहत. पोरीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्या सगळ्यायचे फोन मी दवाखान्यातून घेऊन राहिली, मोटार अन् दिवा अन् ओले कपडे. सतरा लोकायनं लिहून दिलं का घरात रेंज नाही. आता रेंज द्याले माणूस आला तर म्हणता दारात नको. मग तो जाऊन काय लिहिन? ग्राहकांले नेटवर्क नको आहे. तक्रार बंद. तिसऱ्या मजल्यावरचा माह्या दारासमोर लावा, अगदी चौकटीला लावा. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा."

ती बसली. मधल्या मजल्यावरून कोणीतरी हळूच म्हणालं की आमच्याकडे चालेल, पण भिंतीला भोक पाडू नये. राहिला पहिला मजला. शकुंतलाबाई खाली पाहत होत्या. मारोतराव घसा खाकरत होते.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून गोदावरीबाई बोलल्या. मारोतरावांच्या पत्नी. सभेत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या, चहाला मात्र दर वेळी असायच्या.

"आमच्या दारासमोर लावा."

"तू थांब वो," मारोतराव म्हणाले. "तुले नाही समजत."

"मले गुडघे समजते," गोदावरीबाई म्हणाल्या. "अड्याळले माही बहीण आजारी आहे. तिचा फोन आला का मी जिना उतरतो, फाटकापर्यंत जातो, तोवर तो कटते. मंग मी लावतो तं ती झोपली असते. दोन महिने झाले, आम्ही दोघी बोललोच नाही. तुमच्या त्या रेडिएशनले म्हणा, चावाचं तं मले चाव."

मारोतरावांनी बायकोकडे पाहिलं. मग मनिषकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण आमच्या दाराच्या थोडं इकडे. शकुंतलाबाईच्या बाजूले."

"नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "आमच्याच."

ठराव मंजूर झाला. जिन्यात डब्यासाठी बॅटरीसुद्धा मंजूर झाली, कारण मारोतराव त्या वेळी पाणी प्यायला गेले होते.

त्यानंतर कंपनीला सात आठवडे लागले. दोनदा माणसं आली तर शिडी नव्हती, एकदा शिडी आली तर माणसं नव्हती. टीनाची परीक्षा आईविना झाली. चंद्रकला रोज सकाळी फोन करायची आणि फाटकापाशी कोणी नसल्याने तो वाजायचाच नाही. शेवटी एप्रिलच्या एका गुरुवारी केबल खाली उतरली, ताटल्या लागल्या, आणि सायंकाळी सहाच्या सुमाराला तिच्या फोनवर घरून फोन आला. घरातून, सोफ्यावरून.

"आई," टीना म्हणाली, आणि मग दोघींना काही सुचेना. पाच मिनिटांत उरकायची सवय झाली होती. चंद्रकलाने जेवायला काय केलं म्हणून विचारलं. टीनाने सांगितलं, भात.

त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावर गोदावरीबाई दिवाणावर पाय पसरून बहिणीशी सव्वा तास बोलल्या. मारोतराव तेवढा वेळ बाहेर जिन्यात होते. पुंडलिकरावांचा फोन अजून आत लागत नव्हता. यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. कंपनी बदलून तोच नंबर ठेवता येतो असं टीनाने त्यांना सांगितलं, पण अठरा वर्षांच्या ग्राहकाने असं सोडून जाणं त्यांना शोभलं नसतं. ते फाटकापाशीच उभे राहत, आता एकटे.

राखी मॅडमने टीनाच्या फोनवर घरी लावून पाहिला, तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी. तिन्ही वेळा लागला. शनिवारी वीरेंद्रने गादी परत स्कूटरवर बांधली.

रविवारी दुपारी चंद्रकलाने आपल्या स्वयंपाकघरात सव्वादोन महिन्यांनी वरणाला फोडणी दिली. तिघं जेवायला बसले. तिने भात कालवला, पहिला घास उचलला, आणि ओट्यावर ठेवलेला फोन खणखणीत वाजला. नाव दवाखान्याचं होतं.

वीरेंद्र थांबला. टीनाही थांबली. फोन पुन्हा वाजला. मान वाकडी न करता, खिडकीशी न जाता, स्पष्ट.

"नको उचलू," वीरेंद्र म्हणाला. "म्हण, रेंज नव्हती."

"आता कोण ऐकते," चंद्रकला म्हणाली. तिने घास ताटात ठेवला, डाव्या हाताने फोन घेतला आणि "हो मॅडम, निघाली" म्हणत उठली. वीस मिनिटं तिला लागली नाहीत. चौदात पोचली.